बारशाचा फ्रॉक आणि लेकीच्या मानेवरचं पुरळ

बारशाला आलेला नवा गुलाबी फ्रॉक लेकीला तसाच घातला, न धुता, आणि संध्याकाळी मानेवर अन काखेत लाल पुरळ. मला वाटलं घामोळं, पण डॉक्टरांनी दाखवलं की पुरळ बरोबर शिवण आणि लेबल घासतं तिथंच आहे, म्हणजे कपड्यामुळेच. फ्रॉक कोमट पाण्यात तासभर भिजवला तर पाणी गुलाबी झालं! नव्या कापडात सुटा रंग, खळ आणि कधीकधी सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेलं फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं, ते बाळाच्या पातळ त्वचेला झोंबतं. आता प्रत्येक नवा कपडा उलटा करून थोड्याशा बिनवासाच्या डिटर्जंटने धुते, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढते, सॉफ्टनर अजिबात नाही, लेबल उसवून टाकते. रेझिन मात्र धुऊन पूर्ण जात नाही, त्यामुळे दोन धुण्यांनंतरही उग्र वास आला तर तो कपडा बाजूला. आणि त्या फ्रॉकचं अस्तर पॉलिस्टरचं होतं, ते कितीही धुतलं तरी घाम शोषत नाही, म्हणून रोजला सासूबाईंच्या जुन्या सुती साडीची झबली शिवली, चार दिवसांत मान साफ झाली.