माठातलं पाणी किती गार होणार? उष्णतेचा हिशेब असा मांडा

माठातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि त्यामुळे पाणी गार होतं, एवढं शाळेतच कळलेलं असतं. पण बाष्पीभवन तर दिवसरात्र चालूच असतं. मग पाणी गार होत होत बर्फासारखं का होत नाही? ते एका ठरावीक तापमानाला येऊन का थांबतं? याचं उत्तर माठाच्या जमाखर्चात आहे. वजनकाटा, तापमापक आणि टेप घेऊन हा जमाखर्च कोणालाही मांडता येतो. तो एकदा मांडला की आपला माठ नीट काम करतोय की नाही, हेही आकड्यात कळतं.

पायरी १ : जमा काय, खर्च काय ते ठरवा

माठ आणि त्यातलं पाणी मिळून एकच वस्तू आहे असं धरा आणि तिच्याभोवती मनात एक रेघ ओढा. सावलीतल्या माठात रेघ ओलांडून उष्णता दोन वाटांनी आत येते. पहिली वाट अंगाला लागणाऱ्या हवेची. दुसरी प्रारणाची : खोलीच्या भिंती, छप्पर आणि सामान माठापेक्षा गरम असतं, त्यामुळे त्यांच्याकडून न दिसणारी अवरक्त उष्णता सतत माठावर पडत असते. बाहेर जायची मोठी वाट मात्र एकच, बाष्पीभवन. ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४३० ज्यूल उष्णता लागते. १ लिटर पाण्यातून एवढी उष्णता काढून घेतली, तर ते जेमतेम अर्धा-पाऊण अंश उतरेल.

नुकत्याच भरलेल्या माठात खर्च जमेपेक्षा बराच जास्त असतो. तूट पाण्यातल्या उष्णतेतून भरून निघते, म्हणून पाणी गार होत जातं. पण ते गार होऊ लागलं की दोन गोष्टी एकदम घडतात. माठ आणि हवा यांच्या तापमानातलं अंतर वाढतं, म्हणजे आत येणारी उष्णता वाढते. शिवाय गार पृष्ठभागावरून वाफ कमी निघते, म्हणजे खर्च घटतो. जमा आणि खर्च जिथे सारखे होतात तिथे तापमान थांबतं. त्यानंतरही वाफ निघतच राहते, पण तिला लागणारी सगळी उष्णता हवा आणि भिंती पुरवतात. आतलं पाणी त्यात काहीच देत नाही. माठ कसा चालतो हे कळायला ही एवढी गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी पुरे.

पायरी २ : मोजमाप घ्या

माठ नवा असेल तर आधी एक दिवस भरून ठेवा, कारण कोरडी माती स्वतःच बरंच पाणी पिते आणि तो आकडा वाफेत धरला जाईल. नंतर माठ सावलीत, भिंतीपासून थोडा दूर, तिवईवर ठेवा आणि खाली ताटली ठेवा. ताटलीचं कारण महत्त्वाचं आहे : ठिबकलेलं पाणी माठाला गार करत नाही. ते द्रवरूपातच बाहेर पडतं, २४३० ज्यूल घेऊन जात नाही. ते मोजून वजा केलं नाही तर सगळा हिशेब फसतो.

पाणी मानेवरच्या एका खुणेपर्यंत भरा, झाकण ठेवा आणि १२ तास कोणालाही पाणी काढू देऊ नका. मग मापाच्या भांड्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. जेवढं पाणी लागलं त्यातून ताटलीतलं वजा केलं की वाफ झालेलं पाणी मिळालं. मान अरुंद असेल तर ही पद्धत चांगली अचूक ठरते. मोठा, १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असेल तर सरळ वजनच करा.

याच काळात दर दोन-तीन तासांनी हवेचं तापमान टिपा आणि सरासरी काढा. शेवटी, नवं पाणी ओतण्याआधी, माठातल्या पाण्याचं तापमान घ्या. मग तापमापकाच्या टोकाला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जोरात वारा घाला. पारा उतरत उतरत जिथे स्थिरावेल तो आकडा लिहून ठेवा. त्याला आपण ‘ओलं तापमान’ म्हणू.

राहिलं क्षेत्रफळ. माठाचा सर्वांत रुंद भागाचा घेर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा आणि ३.१४ ने भागा. गोल माठाला हे सूत्र चांगलं लागू पडतं. तिवईला टेकलेला आणि वरचा न भिजणारा भाग अंदाजाने वजा करा.

पायरी ३ : हिशेब जुळवा

समजा, माठात १० लिटर पाणी मावतं आणि घेर ८४ सेंटिमीटर आहे. ०.८४ चा वर्ग भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.२२ चौरस मीटर. कोरडा भाग वगळून ०.२ धरू. हवा ३८ अंश, सापेक्ष आर्द्रता २५ टक्के, पंखा बंद.

स्थिर हवेत, पृष्ठभाग आणि हवा यांत १ अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला हवेकडून साधारण ५ वॅट आणि प्रारणाने ६ वॅट येतात. एकूण ११. पहिला आकडा माठाच्या आकारानुसार आणि हवेच्या हालचालीनुसार थोडा इकडेतिकडे होतो, दुसरा बराच पक्का आहे. पाणी २६ अंशांवर स्थिरावलं असेल तर फरक १२ अंशांचा. जमा : ११ × ०.२ × १२, म्हणजे सुमारे २६ वॅट.

आता खर्च. तासाला जितके ग्रॅम पाणी उडतं त्याला ०.६७५ ने गुणलं की वॅट मिळतात (२४३० भागिले ३६००). २६ वॅट खर्च व्हायला तासाला सुमारे ३९ ग्रॅम पाणी उडायला हवं, म्हणजे १२ तासांत ४७० ग्रॅमच्या आसपास. तुमचं मोजमाप याच्या पाचव्या हिश्शाइतकं पुढेमागे आलं तरी हिशेब जुळला म्हणा. क्षेत्रफळ आणि ते ११ यांतच तेवढी ढिलाई आहे.

हाच माठ ३४ अंशांच्या पाण्याने भरला तेव्हा काय चाललं होतं तेही बघा. गरम पृष्ठभागावरून तासाला ९० ग्रॅमच्या वेगाने वाफ निघत होती, म्हणजे ६० वॅट खर्च. फरक फक्त ४ अंशांचा, म्हणून जमा जेमतेम ९ वॅट. उरलेले ५१ वॅट पाण्यातून आणि मातीतून निघत होते. त्या वेगाने पाणी तासाला सुमारे ४ अंश उतरायला लागतं, पण लगेच मंदावतं. दोन तासांत २९ च्या आसपास, चार तासांत २७, आणि शेवटच्या अंशाला आणखी काही तास. म्हणून रिकामा माठ संध्याकाळी भरावा हे बरं. अर्धवट भरलेल्या गार माठात २ लिटर गरम पाणी ओतलं तर तापमान फक्त दीड-दोन अंश चढतं आणि ते लवकर भरून निघतं.

पायरी ४ : ओल्या तापमानाशी ताडून बघा

वरच्या हवेत ओलं तापमान २२ अंशांच्या आसपास येतं. माठ मात्र २६ वर अडला. हे ४ अंश कुठे गेले, असा प्रश्न पडायलाच हवा, कारण दोन्हीकडे ओला पृष्ठभाग आणि तीच हवा आहे.

उत्तर प्रारणात आहे. हवा माठाला उष्णता देते तेव्हा तीच हवा वाफही उचलून नेते. या दोन गोष्टी जोडीने वाढतात आणि जोडीने कमी होतात. वारा घातला की दोन्ही वाढतात, त्यांचं प्रमाण तेच राहतं. भिंतींकडून येणारी उष्णता मात्र नुसतीच जमा होते, वाफ न्यायला तिचा काही उपयोग नाही. स्थिर हवेत ती निम्म्याहून जास्त असते, म्हणून माठ वर अडतो. वारा घातलेल्या कापडाच्या पट्टीवर हवेचा वाटा इतका मोठा असतो की प्रारण नगण्य ठरतं.

मग माठावर पंखा लावला तर? हवेचा आकडा ५ वरून १५ झाला असं धरा. पाणी २३.५ अंशांपर्यंत उतरेल, म्हणजे आणखी अडीच अंश. पण पाणी उडेल तासाला ९० ग्रॅम, दुपटीहून जास्त. शिवाय मातीतून तेवढं पाणी वेळेवर झिरपलं नाही तर पृष्ठभाग सुकायला लागतो आणि फायदा संपतो. पाण्याची टंचाई असेल तर मी हा सौदा करणार नाही.

ऊन याहून वाईट. भर उन्हात या आकाराचा माठ ३० वॅटच्या आसपास सूर्याची उष्णता शोषतो, म्हणजे जमा दुपटीहून जास्त व्हायला लागते. पाणी ३१ अंशांजवळ अडतं आणि तरीही तासाला ६८ ग्रॅमच्या आसपास उडत राहतं. पाणी जास्त गेलं आणि गारवाही कमी मिळाला.

दमट हवेत हिशेबाची पद्धत तीच, फक्त वाव कमी. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर ओलं तापमानच २९ च्या आसपास असतं, माठ ३० ला थांबतो. त्यात माठाचा काही दोष नाही.

पायरी ५ : दोष ओळखा

हवा आणि ओलं तापमान यांतल्या फरकाचा साधारण तीन-चतुर्थांश गारवा सावलीतल्या चांगल्या माठाने द्यायला हवा. वरच्या उदाहरणात १६ पैकी १२ अंश मिळाले. निम्म्याहून कमी मिळत असेल तर वाफेचा आकडा बघा.

गारवाही कमी आणि वाफही कमी असेल तर छिद्रं बुजली आहेत. समजा तासाला १५ ग्रॅमच उडतात. ते १० वॅट झाले, आणि १० वॅटमध्ये फक्त साडेचार अंशांचा फरक टिकतो. अशा माठाच्या अंगावरून हात फिरवला की काही पट्टे कोरडे लागतात. बहुतेकदा तिथे पांढरी पुटं दिसतात. जड पाण्यातले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. माठ रिकामा करून आतून-बाहेरून नुसत्या पाण्याने आणि कडक ब्रशने घासा, साबण लावू नका, कारण तो मातीत मुरतो. एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा वाढला नाही तर क्षार मातीच्या आत बसलेत, तो माठ आता धान्याला किंवा झाडाला वापरा. बाहेरून रंग किंवा चकाकी दिलेल्या माठाचंही असंच होतं, फक्त तो पहिल्या दिवसापासूनच बुजलेला असतो.

गारवा कमी पण पाणी भरपूर जात असेल तर आधी ताटली बघा. तिथे पाणी साचलं असेल तर माठाला बारीक तडा आहे किंवा तो कमी भाजलेला आहे. ताटली कोरडी असेल तर कुठून तरी जास्तीची उष्णता येते आहे : दुपारी तापणारी भिंत, पत्र्याचं छप्पर किंवा खिडकीतून तासभर येणारं ऊन. माठ तिथून हलवा आणि पुन्हा १२ तास मोजा.