पाइपचा फोटो पाहून तो नळकामाला चालेल का, हे कसे ओळखावे

मेहुण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला: "दाजी, शेतातल्या लाइनचे पाइप उरलेत. बोअरवरून गच्चीच्या टाकीपर्यंत चढवले तर चालतील का?" फोटोत राखाडी पाइप, त्यावर मातीचा थर आणि थरातून अर्धवट डोकावणारी अक्षरे. वाचता आले ते इतकेच:

```
IS 4985  CM/L-....  63 mm  CLASS ?  ? kgf/cm²
```

आधी फोटो नीट घ्यायला लावला. छापील ओळ ठरावीक अंतराने पाइपभर पुन्हा येते, त्यामुळे एका जागी पुसली असली तर चार फूट पुढे शोधायची. ओल्या फडक्याने पुसायचे. ऊन किंवा टॉर्च समोरून नको, बाजूने तिरकी पडू द्यायची, नाहीतर चकाकीत अक्षरे जातात. ओळ लांब असेल तर एकमेकांवर थोडे चढणारे दोन-तीन फोटो घ्यायचे. आणि एक फोटो पाइपच्या तोंडाचा, टेप लावून.

आता वाचूया. आयएस ४९८५ म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपचे भारतीय मानक. सीएम/एल हा आयएसआय परवान्याचा क्रमांक. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते कळते. ६३ मिमी हा बाहेरचा व्यास. दुकानात ह्यालाच 'दोन इंची' म्हणतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. 'एक इंची' मागाल तर ह्या मानकाचा पाइप बाहेरून ३२ मिमी भरतो, शेड्यूल ४० किंवा ८० लिहिलेला मात्र ३३.४ मिमी. एकाचे फिटिंग दुसऱ्यावर नीट बसत नाही, आणि सोल्युशन थापून बसवलेच तर तो जोड कधीतरी सुटतो. म्हणून टेपचा फोटो.

खरी अडचण क्लासच्या आकड्याची होती. तो २ आहे की ३? इथे एकट्या आकड्यावर विसंबायचे नाही, कारण तीच गोष्ट पाइपवर पुन्हा सांगितलेली असते. क्लास २ म्हणजे ४ किलो, ३ म्हणजे ६, ४ म्हणजे ८, ५ म्हणजे १०. हे किलो वजनाचे नव्हेत, दर चौरस सेंटिमीटरवरच्या दाबाचे. छपाईची शाईसुद्धा साक्ष देते: क्लास २ ला निळी, ३ ला हिरवी. पण पिवळ्या बल्बखाली निळे-हिरवे सारखेच दिसते, म्हणून रंग हा दुय्यम साक्षीदार. दिवसाउजेडी घेतलेल्या दुसऱ्या फोटोत 6 kgf/cm² स्पष्ट दिसले आणि शाई हिरवी निघाली. तर क्लास ३.

मग हिशेब. १० मीटर उंचीचे पाणी साधारण १ किलो दाब देते. मोटारीच्या पाटीवर सर्वात जास्त हेड, म्हणजे मोटार पाणी चढवू शकते ती उंची, ३६ मीटर लिहिले होते, म्हणजे वरचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर पाइपवर ३.६ किलोपर्यंत दाब येणार. ४ किलोच्या पाइपला इथे श्वास घ्यायला जागा उरली नसती, कारण मोटार थांबताना पाणी आपटते तो धक्का वेगळाच. ६ किलोला जागा आहे. तरी एक अट: छापलेला दाब २७ अंश तापमानाचा असतो. पाइप तापला की ताकद उतरते, आणि ४५ अंशांवर हा पाइप वापरूच नये. पश्चिमेच्या भिंतीवर उघडा सोडाल तर एप्रिल-मेमध्ये हा हिशेब कोलमडेल. सावलीच्या बाजूने चढवा, नाहीतर झाका.

मेहुण्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता: "मग आत बाथरूमलाही हाच प्रकार लावू?" नाही. घरातल्या नळकामासाठी ह्याच मानकाचा जाड भिंतीचा पाइप मिळतो, त्यावर PLUMBING असे छापलेले असते. शेतीच्या पातळ पाइपला आटे पाडले की भिंत तिथेच कापली जाते. गिझरच्या गरम पाण्याला तर सीपीव्हीसीच हवा: त्यावर आयएस १५७७८ आणि एसडीआर ११ किंवा १३.५ असते. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, म्हणून आकडा लहान तितका पाइप जाड.

शेवटी उरलेल्या ढिगाचे फोटो मागवले. त्यात एक पाइप तसाच राखाडी, पण त्यावर IS 13592 TYPE A. तो पावसाच्या पाण्याचा; दाबाचा आकडा त्यावर नसतोच. तो बाजूला काढून पन्हाळीला लावायला सांगितले.