ठाण्याची कालरेषा: ६७० वर्षं आणि २ वर्षं एकाच कार्डशीटवर

भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी ठाणे परिसराची कालरेषा काढायची होती. तिने सात घटना निवडल्या: १०६० अंबरनाथचं शिवमंदिर, १७३० ठाण्याच्या किल्ल्याच्या बांधकामाला सुरुवात, १७३७ मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ वसई घेतली, १८५३ बोरीबंदर-ठाणे रेल्वे, १९८२ ठाणे महापालिका, १९९२ नवी मुंबई महापालिका. पहिल्या प्रयत्नात तिने सातही ठिपके सारख्या अंतरावर दिले. त्यामुळे मंदिर ते किल्ला ही ६७० वर्षं आणि ठाणं ते वसई ही २ वर्षं कागदावर सारखीच झाली.

मग प्रमाण ठरवलं. मोठी कार्डशीट सुमारे ७० सेमी लांब असते. १००० ते २०२० ही वर्षं घेऊन १ सेमी = २० वर्षं धरलं, की रेषा ५१ सेमींची होते. घटनेची जागा काढायची तर सालातून १००० वजा करून २०ने भागायचं. मंदिर ३ सेमीवर येतं, किल्ला थेट ३६.५ सेमीवर. मधली साडेतेहेतीस सेमी जागा रिकामी दिसते, तशीच राहू द्या. ती चित्रांनी भरायचा मोह होतो, पण एवढा काळ मध्ये गेला हे त्या रिकामेपणातूनच कळतं.

खरी अडचण उजवीकडे येते. १७३७ आणि १७३९ मध्ये जेमतेम १ मिमी उरतो, नावं लिहायची कुठे? काहीजण तिथून पुढे गुपचूप प्रमाण बदलतात. तसं केलं, की एकाच रेषेवरची अंतरं एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. त्याऐवजी खाली दुसरी रेषा काढा, फक्त १७२० ते २०२० ची, १ सेमी = ५ वर्षं, म्हणजे ६० सेमी. वरच्या रेषेवर हा काळ ३६ ते ५१ सेमी एवढाच आहे. त्याच्या दोन्ही टोकांपासून खालच्या रेषेच्या टोकांपर्यंत तुटक रेषा ओढा. भिंगातून बघितल्यासारखा तोच तुकडा चौपट मोठा दिसतो. दोन्ही रेषांशेजारी आपापलं प्रमाण लिहायला विसरू नका.

खाली १७३७ येतं ३.४ सेमीवर आणि १७३९ येतं ३.८ वर. ठिपका अचूक जागी ठेवा, नाव मात्र एकाचं वर, दुसऱ्याचं खाली, बारीक रेघ ओढून लिहा. नाव मावत नाही म्हणून ठिपका सरकवायचा नाही.

मोजताना प्रत्येक घटना रेषेच्या सुरुवातीपासून मोजा. मागच्या ठिपक्यापासून मोजत गेलं, की मिलिमीटरभराची चूक पुढे साठत जाते. पट्टी ३० सेमींची असेल तर आधी दर १० सेमीवर पेन्सिलीने खुणा करून घ्या. शेवटी एक पडताळणी: खालच्या रेषेवर १८५३ ते १९८२ हे अंतर २५.८ सेमी भरायला हवं. भाचीचं २६.३ भरलं. पट्टी दुसऱ्यांदा लावताना ती थोडी पुढे सरकली होती.