परीक्षेला चौदा दिवस उरले: कुठला टॉपिक धरायचा, कुठला सोडायचा

माझी पुतणी तासगावहून एसटीनं सांगलीच्या कॉलेजला येते. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या एप्रिलमध्ये पहिल्या पेपरला दोन आठवडे उरले असताना ती माझ्याकडे विश्रामबागला आली. पाच पेपर, प्रत्येकात चार युनिट, म्हणजे एकूण वीस. घरी बेदाण्याचं काम चालू होतं, त्यामुळे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त मिळणार नव्हते. पाच तास गुणिले चौदा म्हणजे सत्तर तास. तिनं टाइमटेबल आधीच केलं होतं आणि सगळ्या युनिटना साधारण साडेतीन-साडेतीन तास वाटले होते. मी कॉमर्सच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे असं समान वाटपाचं टाइमटेबल दरवर्षी बघतो. त्यात येणारं युनिट आणि कोरं युनिट दोघांनाही सारखाच वेळ मिळतो. म्हणून आम्ही ते बाजूला ठेवलं आणि पहिला दिवस अभ्यासाऐवजी वर्गवारीला दिला.

वर्गवारी मनानं करायची नाही. ‘मला हे येतं’ असं वही चाळताना नेहमीच वाटतं, कारण उत्तर समोर दिसत असतं. वही मिटायची, त्या युनिटचा जुन्या पेपरमधला एक प्रश्न घ्यायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं लिहायचं. गणित असेल तर तक्ता मांडून पहिल्या दोन पायऱ्या करायच्या. न अडता पुढे गेलात तर युनिट ‘पक्कं’. सुरुवात झाली पण मध्येच सूत्र किंवा मुद्दा आठवेना, तर ‘अर्धं’. पेन उचललंच नाही, तर ‘कोरं’. वीस युनिटना दोनशे मिनिटं लागतात, म्हणजे साडेतीन तासांच्या आत काम होतं. पुतणीची सहा पक्की निघाली, नऊ अर्धी आणि पाच कोरी. कोऱ्यांपैकी दोन कॉर्पोरेट अकाउंटिंगची होती आणि तिथेच तिला नापास व्हायची भीती होती.

आता कोऱ्यांपैकी काय सोडायचं, हे आवडीवर किंवा अवघडपणावर ठरत नाही. ते पेपरच्या साच्यावर, म्हणजे प्रश्नांतला पर्याय कुठं दिलाय यावर ठरतं. हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त मार्क इथंच वाचतात किंवा जातात.

तिचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर ४० मार्कांचा होता. पहिला प्रश्न ८ मार्कांचा, बहुपर्यायी आणि सक्तीचा. दुसऱ्यात तीनपैकी कोणतेही दोन सोडवा, प्रत्येकी १०. तिसऱ्यात पाचपैकी कोणतेही तीन, प्रत्येकी ४. तिनं विचारलं, “काका, प्रॉबॅबिलिटी पूर्ण सोडली तर चालंल का?” आम्ही वाईटात वाईट पेपर कल्पिला. तीन मोठ्या प्रश्नांत एक प्रॉबॅबिलिटीचा आला तरी उरलेले दोन तिच्याकडे आहेत, म्हणजे २० मार्क शाबूत. पाच टिपांत दोन तिथल्या आल्या तरी तीन उरतात. बुडतील ते पहिल्या प्रश्नातले दोनेक मार्क. म्हणजे एक युनिट जवळजवळ फुकटात सुटतं. दुसरंही सोडलं तर मात्र तीनपैकी दोन मोठे प्रश्न हातचे जाऊ शकतात आणि १० मार्कांचा थेट खड्डा पडतो.

एक तपासणी केल्याशिवाय यावर विसंबू नका. एकाच युनिटवर दोन मोठे प्रश्न कधी आलेत का, हे जुन्या पेपरांत बघा. आले असतील तर ते युनिट सोडण्याच्या यादीतून काढा. आणि जुने पेपर म्हणजे तुमच्याच अभ्यासक्रमाचे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर युनिटची फेरमांडणी झाली आहे, त्यामुळे पेपरवरचा सब्जेक्ट कोड तुमच्या हॉल तिकिटावरच्या कोडशी जुळवूनच मोजणी करा.

अकाउंटिंगचा साचा वेगळा होता. प्रत्येक युनिटवर १० मार्कांचा एक प्रश्न आणि ‘किंवा’ त्याच युनिटच्या आत. इथं पूर्ण युनिट सोडलं की १० मार्क गेलेच, कारण दुसरीकडून भरून काढायला जागाच नाही. अशा पेपरात युनिट सोडायचं नसतं, प्रत्येक युनिटचा काही भाग सोडायचा असतो. शेअर इश्यूच्या युनिटात तिनं शेअर जप्ती आणि पुन्हा विक्रीच्या जर्नल नोंदी धरल्या आणि बाकीचं बाजूला ठेवलं. ‘किंवा’च्या दोन्ही बाजू सोडलेल्या भागातून येण्याचा धोका राहतोच. पण निम्म्या नोंदी बरोबर असल्या तरी त्यांचे मार्क मिळतात, आणि पासिंगला १६ हवे असताना ते मोलाचे ठरतात.

शेवटी असं झालं: ‘कोणतेही’चा साचा असलेल्या दोन पेपरांतलं एकेक कोरं युनिट सोडलं. उरलेल्या तीन कोऱ्यांना प्रत्येकी सहा तास, नऊ अर्ध्यांना साडेचार आणि पक्क्यांना फक्त एकेक तास उजळणीला. सगळ्यात जास्त वेळ अर्ध्यांकडे गेला, कारण तिथं एखादी अडलेली पायरी सुटली की पूर्ण प्रश्न हाती येतो.

अर्ध्यांतही आधी काय घ्यायचं? ज्यात एका तक्त्यावर दोन प्रश्न सुटतात ते. सहसंबंध आणि प्रतीपगमन दोन्हीला x, y, x², y² आणि xy असाच तक्ता लागतो. निर्देशांकात p0q0, p1q0, p0q1, p1q1 हे चार रकाने भरले की लास्पेयर आणि पाशे निघतात, आणि त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ म्हणजे फिशर. पुतणीनं एका संध्याकाळी निर्देशांकाची चार गणितं फक्त तक्त्यापर्यंत केली आणि युनिट पक्क्यात गेलं. टिपांच्या व्याख्या तिनं एसटीतल्या पाऊण तासासाठी ठेवल्या. तक्ते बसमध्ये होत नाहीत, व्याख्या होतात.

क्रम लावताना वेळापत्रकातल्या सुट्ट्याही मोजा. तिचे पहिले तीन पेपर एकाआड एक दिवस होते आणि शेवटच्या दोन पेपरांआधी तीन-तीन दिवस मोकळे होते. शेवटच्या दोघांची पाठांतराची युनिट आम्ही त्या मोकळ्या दिवसांकडे ढकलली, गणिताची मात्र आधीच घेतली, कारण हाताला सवय दोन दिवसांत लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘आयएमपी’ याद्यांचं काय? त्या आधी काय करायचं हे ठरवायला वापरा. यादीत नाही म्हणून युनिट सोडू नका. सोडायचा अधिकार फक्त साच्याला.

सातव्या दिवशी तीच दहा मिनिटांची चाचणी पुन्हा घ्या, यावेळी फक्त अर्ध्या आणि कोऱ्या युनिटची. ठरलेला निम्म्याहून जास्त वेळ देऊनही वही मिटल्यावर पेन अडत असेल, तर आणखी तास ओतू नका. त्यातला सगळ्यात छोटा, ४ मार्कांचा भाग निवडा आणि उरलेला वेळ शेजारच्या युनिटला द्या. पुतणीचं कालश्रेणीचं युनिट असं अडकलं. लघुतम वर्ग पद्धतीत तिचं मूळ वर्ष सारखं चुकत होतं, म्हणून ती सोडून तिनं फक्त चल सरासरी धरली. तीन वर्षांची चल सरासरी म्हणजे तीन आकड्यांची बेरीज भागिले तीन आणि उत्तर मधल्या वर्षासमोर. तेवढं दीड तासात बसलं, आणि उरलेला वेळ अकाउंटिंगच्या नोंदींना गेला.