तक्रार अर्ज लिहिताना या चुका टाळा: तारीख, घटना आणि साक्षीदार

गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात स्टोअरला काम करणारी एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे अर्जाचा कच्चा कागद घेऊन आली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते, म्हणून कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं. दोन पानं भरून लिहिलं होतं. ‘ते वाईट नजरेने बघतात, सतत घाणेरडं बोलतात, त्यांची वृत्तीच तशी आहे, मला न्याय द्या.’ वाचून माझं मन हललं, पण समितीने चौकशी करायची कशाची, हे त्या दोन पानांत कुठेच नव्हतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. माणूस कसा आहे हे लिहिलं जातं, त्याने काय केलं हे राहून जातं. ‘घाणेरडं बोलले’ असं लिहिलं की समोरचा म्हणतो, मी चेष्टा केली. म्हणून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, कितीही किळस आली तरी. शब्द नेमके आठवत नसतील, तर ‘अशा अर्थाचं बोलले’ असं लिहा. न आठवणारं रचून लिहू नका, कारण उलटतपासणीत तेच आधी निसटतं.

मी तिला तारीख विचारली. ‘दिवाळीच्या आधी,’ यापलीकडे तिला काही सांगता येईना. थोड्या वेळाने म्हणाली, ‘त्या दिवशी बोनस जमा झाला होता की, ताई.’ मोबाइलमध्ये बँकेचा मेसेज होता, 15 ऑक्टोबर 2025. तारखा अशा सापडतात. हजेरीचं पंचिंग, स्टोअरचं आवक-जावक रजिस्टर, घरी केलेला फोन, मैत्रिणीला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, असं काहीतरी त्या दिवसाला चिकटलेलं असतं. तरीही पक्की तारीख मिळाली नाही तर ‘ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात’ असं प्रामाणिकपणे लिहा. चुकीची पक्की तारीख जास्त घातक, कारण त्या दिवशी तो रजेवर निघाला तर अख्ख्या अर्जावर शंका येते.

मग तिने पहिली घटना अशी लिहिली:

‘बुधवार, 15 ऑक्टोबर 2025, संध्याकाळी साधारण साडेपाच. मी स्टोअरमध्ये चलनं जुळवत होते. श्री. … (हुद्दा) आत आले, दार लोटलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बोनस मिळाला, आता आम्हाला खूश कधी करणार?” मी हात झटकून बाहेर आले. वजनकाट्यावर असलेल्या श्रीमती … यांनी मला बाहेर येताना पाहिलं. काय झालं ते मी त्यांना लगेच सांगितलं.’

इथे साक्षीदाराचं वाक्य नीट बघा. काट्यावरच्या बाईंनी खोलीतलं काही पाहिलेलं नाही, आणि अर्जही तसा दावा करत नाही. लगेच सांगितलेलं ऐकणारा माणूसही उपयोगी साक्षीदार असतो. पण ‘सगळ्यांना माहीत आहे’ लिहून खाली पंधरा सह्या घेतल्या की त्या पंधरा जणांनी नेमकं काय पाहिलं, असा प्रश्न येतो आणि अर्ज कमजोर होतो. आणखी एक. अर्जाची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत समोरच्या माणसाला जाते, त्यात साक्षीदारांची नावं त्याला दिसतात. म्हणून नाव घालण्याआधी त्या व्यक्तीला सांगा. काय बोलायचं ते मात्र शिकवू नका.

मुदतीचं गणित इथेच अडतं. 2013च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. हिच्या बाबतीत शेवटची घटना 19 नोव्हेंबरची, रात्री आलेला मेसेज. तिने आधी ती ‘किरकोळ’ म्हणून गाळली होती. ती गाळली असती तर मुदत जानेवारीच्या मध्यालाच संपली असती, ती धरल्यामुळे 19 फेब्रुवारीपर्यंत वेळ मिळाला आणि ऑक्टोबरची घटनाही त्याच मालिकेत बसली. उशीर झालाच असेल तर कारण अर्जातच लिहा. कारण पटलं तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा, पण मूळ मेसेज पुसू नका, फोनही बदलू नका.

पुराव्याअभावी तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही. जाणूनबुजून किंवा द्वेषाने खोटं लिहिलं, किंवा बनावट कागद जोडला तरच होते. या भीतीने कितीतरी जणी अर्ज खिशातच ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

अर्ज अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या नावे, सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. साहेबांच्या हातात नुसता कागद देऊन परत येऊ नका. स्वतःच्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. त्या मुलीला पहिल्यांदा ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले. ती टेबलाजवळ उभीच राहिली आणि पोच घेऊनच बाहेर आली.