ई-स्टॅम्प खरा आहे का, हे कसे पडताळावे

वडोदऱ्यात घर भाड्याने देताना करारावर लागणाऱ्या ई-स्टॅम्प प्रमाणपत्राच्या खाली, बारीक अक्षरांत, खरेपणा तपासण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची असल्याचे छापलेले असते. ते सहसा कोणी वाचत नाही. पडताळणीसाठी www.shcilestamp.com हा पत्ता स्वतः टाइप करावा, कारण बनावट कागदावरचा क्यूआर कोड भलत्याच संकेतस्थळावर नेऊ शकतो. तेथे राज्य, IN-GJ ने सुरू होणारा प्रमाणपत्र क्रमांक, मुद्रांकाचा प्रकार आणि दिनांक भरावा.

मात्र ‘नोंद सापडली’ एवढ्यावर थांबू नये. खऱ्या प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स काढून ती दुसऱ्याच दस्ताला जोडली, तर क्रमांक बरोबरच निघतो. म्हणून दोन्ही पक्षांची नावे, दस्ताचे वर्णन आणि रक्कम पडद्यावरच्या नोंदीशी अक्षरशः जुळवावी. भाडेकरार हाती असताना वर्णनात प्रतिज्ञापत्र दिसले, तर सही करू नये.

ई-स्टॅम्पऐवजी फ्रँकिंग, म्हणजे दस्तावरच यंत्राने उमटवलेला मुद्रांकाचा ठसा, वापरायचा असेल, तर तो मात्र सह्या होण्यापूर्वीच उमटवून घ्यावा आणि शंका असल्यास ठशावरचा अनुक्रमांक, दिनांक व रक्कम तो देणाऱ्या बँकेच्या नोंदवहीशी पडताळावी.