पेअर प्रोग्रामिंगच्या कोडिंग राउंडमध्ये या चुका टाळा

इंदूरमध्ये भंवरकुआँच्या कोचिंगपासून विजय नगरच्या ऑफिसांपर्यंत कोडिंग इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे प्रश्न सोडवणं असंच समजलं जातं. शंभर प्रश्न, दोनशे प्रश्न. पण गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्या एक वेगळा राउंड घेऊ लागल्या आहेत. त्यात समोरचा इंजिनिअर तुमच्याच एडिटरमध्ये येऊन बसतो. तुमचा कर्सर त्याला दिसतो, त्याचा तुम्हाला दिसतो, आणि पाऊण ते एक तास दोघांनी मिळून एक प्रश्न सोडवायचा असतो. उत्तर बरोबर आलं की नाही, एवढंच तिथे पाहत नाहीत. उद्या हा माणूस शेजारी बसून काम करू लागला तर कसा असेल, हे पाहतात.

रविवारी रामबागेत आमच्याकडे आपली मराठी मुलं-मुली अशा राउंडच्या सरावाला येतात. हुशार मुलंसुद्धा ठरावीक तीन-चार ठिकाणीच अडकतात. ती ठिकाणं एकाच प्रश्नावर दाखवतो.

प्रश्न असा: एका मंगल कार्यालयाच्या दिवसभराच्या बुकिंगची यादी दिली आहे. प्रत्येक बुकिंगला सुरुवातीचा आणि शेवटचा तास आहे. एकमेकांवर चढणारी बुकिंगं एकत्र करून हॉल कधी ते कधी व्यापलेला आहे, ते सांगायचं.

प्रश्न विचारायचे म्हणून विचारणं

प्रश्न वाचला की लगेच टाइप करायला लागू नये, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे उलटीच चूक वाढली आहे. मुलं पाठ केलेली यादी म्हणून दाखवतात: इनपुट किती मोठं, निगेटिव्ह आकडे येतील का, डुप्लिकेट असतील का. उत्तरं मिळतात, मान डोलते, आणि पुढच्या कोडमध्ये त्यातलं एकही उत्तर दिसत नाही. समोरच्याच्या ते लगेच लक्षात येतं.

ज्याच्या उत्तराने कोडची एखादी ओळ बदलेल, तो प्रश्न विचारावा. इथे असे चार आहेत. एक बुकिंग १२ ला संपतं आणि दुसरं १२ लाच सुरू होतं, ते एकच धरायचं की वेगळं? यावर तुलनेत `<=` येणार की `<`, ते ठरतं. यादी वेळेप्रमाणे लावलेली आहे का? नसेल तर आधी सॉर्ट करावं लागेल. रिसेप्शन रात्री १० ला सुरू होऊन २ ला संपू शकतं का? शकत असेल तर शेवटचा तास सुरुवातीपेक्षा लहान येईल आणि साधी तुलना मोडेल. आणि बुकिंगं किती? शंभर असतील तर प्रत्येक बुकिंग प्रत्येकाशी ताडून पाहिलं तरी चालेल. एक लाख असतील तर जवळपास पाचशे कोटी जोड्या होतात, तिथे सॉर्ट केल्याशिवाय गत्यंतर नाही.

उत्तरं मिळाली की ती एडिटरच्या वरच्या बाजूला उतरवून ठेवा:

```python
# [10,12],[12,14] -> [10,14]
# unsorted, end > start, empty -> []
```

यात अर्धं मिनिट जातं. पण दोघांचं एकमत कशावर झालं, ते पडद्यावर राहतं आणि शेवटी तपासायला टेस्ट आयत्या मिळतात. एखादा प्रश्न सुरुवातीला सुचला नाही आणि कोड लिहिताना आठवला, तर तेव्हा विचारण्यात काहीही कमीपणा नाही. शेजारी बसून काम करताना शंका अशाच मध्येच येतात.

बोटांचं वर्णन करणं, विचारांचं नाही

‘मोठ्याने विचार करा’ असं सांगितलं की बरीच मुलं जे टाइप करतात तेच बोलतात. "आता फॉर लूप लावते, आता इफ लिहिते, आता अपेंड करते." हे पडद्यावर दिसतंच आहे. समोरच्याला हवं असतं ते न दिसणारं: हाच रस्ता का घेतला, दुसरा कोणता सोडला, कुठे खात्री नाही.

याच प्रश्नावर नीट बोलणं असं असेल: "मी आधी सुरुवातीच्या वेळेप्रमाणे सॉर्ट करते, कारण मग नवं बुकिंग फक्त शेवटच्या तयार गटाशीच ताडावं लागेल. बाकीचे गट मागे पडलेले असतील. शेवटच्या वेळेप्रमाणे सॉर्ट करायचाही विचार आला होता, पण मग एखादं लांबलचक बुकिंग मागून येऊन आधीचे गट जोडू शकतं." एवढ्या बोलण्यात समोरच्याला तुमची समज कळते. शिवाय तर्कात चूक असेल तर ती कोड लिहिण्याआधीच कळते.

आपल्याकडे एक खास अडचण आहे. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि इंटरव्ह्यू इंग्रजीत. विचार एका भाषेत चालतो, बोलायचं दुसरीत, आणि त्या ओढाताणीत मूल गप्प होतं. सुरुवातीलाच सरळ विचारा की मधूनमधून हिंदीत बोललं तर चालेल का. इथले पुष्कळ इंजिनिअर आनंदाने हो म्हणतात. नाही म्हटलं तर इंग्रजीत लहान वाक्यं बोला. ‘मी हे करतेय, कारण…’ आणि ‘मला इथे शंका आहे की…’ हे दोन साचे तोंडात बसले तरी बरंच काम भागतं. व्याकरणाकडे कुणी पाहत नाही, ‘कारण’ नंतर काय येतं ते पाहतात.

आणि सतत बोलायलाच हवं असंही नाही. कुणी पाहत असताना विचार करणं खरोखर अवघड असतं. २०२० मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ जणांवर केलेल्या अभ्यासात, परीक्षकासमोर बोलत बोलत फळ्यावर प्रश्न सोडवणाऱ्यांची कामगिरी एकट्याने खोलीत बसून सोडवणाऱ्यांपेक्षा निम्म्याहूनही खाली गेली होती. म्हणून शांतता लागली तर मागून घ्या: "दोन मिनिटं कागदावर मांडून पाहते, मग सांगते." सांगून घेतलेली दोन मिनिटं कुणालाच खटकत नाहीत. न सांगता गेलेलं एक मिनिटसुद्धा समोरच्याला अस्वस्थ करतं, कारण नेट गेलं, मूल अडकलं की दुसऱ्या खिडकीत उत्तर शोधतंय, हे त्याला कळायला मार्ग नसतो. एखाद्या फंक्शनचं नाव आठवत नसेल तर तेही सांगूनच शोधा.

अडकल्यावर चिन्हं बदलत बसणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे सविस्तर सांगतो. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने सरावात हा कोड लिहिला:

```python
def merge(slots):
    out = []
    for s, e in sorted(slots):
        if out and s <= out[-1][1]:
            out[-1][1] = e
        else:
            out.append([s, e])
    return out
```

दोन टेस्ट पास झाल्या. मी तिसरी दिली: `[[9,17],[10,12],[13,15]]`. नऊ ते पाच हॉल एकाच लग्नासाठी घेतलेला आणि त्यातच दोन लहान कार्यक्रम. उत्तर `[[9,17]]` हवं होतं, आलं `[[9,12],[13,15]]`.

तिने काही न बोलता `<=` चं `<` केलं. उत्तर तेच. मग परत `<=` करून तुलनेत `+ 1` घातलं. आता `[[9,15]]` आलं. गट एकच झाला, म्हणून तिला वाटलं जवळ पोचलो. खरं तर ती आणखी दूर गेली होती: आता ९ ते १२ आणि १३ ते १५ ही खरोखर वेगळी बुकिंगंही चिकटली असती. चिन्हं बदलत बसण्यातला धोका हाच. उत्तर बदलतं, त्यामुळे प्रगती झाल्यासारखी वाटते.

मी विचारलं, "दहा ते बारा आलं तेव्हा गटाची शेवटची वेळ काय होती?"

"सतरा, दादा." आणि ती परत तुलनेच्या ओळीकडे वळली.

इथे आणखी एक चूक झाली. समोरचा असा नेमका प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक वेळा तो इशारा असतो, आणि ‘हो सर’ म्हणून पुढे गेलं की तो वाया जातो. आपल्या मुलांना मोठ्यांचं ऐकून मान हलवायची सवय असते. पण इथे नुसत्या मान हलवण्याचा उपयोग नाही. तो प्रश्न हातातलं काम थांबवून तिथेच पडताळून पाहायला हवा.

मग तिला हात कीबोर्डवरून काढायला सांगितले आणि आतापर्यंत काय पक्कं माहीत आहे ते म्हणायला लावलं. "सॉर्ट बरोबर आहे. पहिला गट नऊ ते सतरा बनतो. दहा हे सतरापेक्षा लहान, म्हणून जोडलं जातं, तेही बरोबर. मग शेवट होतो…" ती थांबली. "बारा. सतरा पुसून बारा झालं." दुरुस्ती एका ओळीची होती:

```python
out[-1][1] = max(out[-1][1], e)
```

अडकल्यावर करायचं ते एवढंच: कोडला हात न लावता चुकणारं सर्वांत लहान उदाहरण घ्या, ओळीओळीने किमती बोलत चला, आणि अपेक्षेपेक्षा वेगळी किंमत पहिल्यांदा कुठे आली तिथे थांबा. तरीही सापडलं नाही तर मदत मागा, पण नेमकी. "मला जमत नाहीये" यावर समोरचा काही देऊ शकत नाही. "जोडायचं की नाही हे बरोबर ठरतंय, पण जोडल्यावर शेवट चुकतोय असं वाटतं, मी बरोबर जागी पाहतेय का?" यावर तो लगेच बोलू शकतो, आणि अशा मदतीचे गुण फारसे कापले जात नाहीत.

कीबोर्ड आणि मतभेद

समोरचा टाइप करू लागला की आपले हात बाजूला घ्या. त्याने लिहिलेलं न विचारता पुसू नका. त्याची सूचना पटली नाही तर तसं सांगा, पण उदाहरणासकट: "सर, सॉर्ट न करता चाललं तर `[[5,6],[1,2],[2,5]]` मध्ये तिसरं बुकिंग पहिल्या दोघांना जोडतं, मग मागे जाऊन परत जुळवावं लागेल." कधीकधी समोरचा मुद्दाम कच्ची सूचना देऊन पाहतो. तिथे भिडेखातर हो म्हणणं महागात पडतं.

वेळ संपत आली आणि कोड अपुरा असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत नवी युक्ती सुरू करू नका. चालणारं ठेवा, कोणती टेस्ट अजून चुकते ती वर लिहा आणि पुढे काय केलं असतं ते दोन वाक्यांत सांगा. उदाहरणार्थ, मध्यरात्र ओलांडणारी बुकिंगं राहिली असतील तर "शेवट सुरुवातीपेक्षा लहान असेल तिथे २४ मिळवून मग सॉर्ट करेन" एवढं पुरतं.